ढगाळ दिवसाचा हिशेब

आमच्या लहानपणी राखण म्हणलं की ती ज्वारीची. कणसात दाणा भरला की रानाच्या मधोमध माळा उभा राहायचा आणि आम्ही पोरं गोफण घेऊन दिवसभर त्याच्यावर. पाखरं दिवसा यायची, दिवस मावळला की झाडाला जायची, आणि राखणदारही घरी भाकरी खायला मोकळा. डाळिंब आलं आणि राखण रात्रीची झाली. ज्वारीची चार कणसं नेऊन कुणी मोठं होत नाही. डाळिंबाचं वीस किलोचं एक कॅरेट म्हणजे भाव बरा असला तर दोन हजार रुपये. दोन माणसं, एक मोटरसायकल आणि तासभर अंधार, एवढ्यात दहा कॅरेटचा माल बांधावरून जातो.

माझी दोन एकर भगव्याची बाग सांगोला तालुक्यात आहे. मी आंबे बहार धरतो. म्हणजे जानेवारीत बागेला पाणी सोडायचं, फुलं निघाल्यावर सहा महिने सांभाळायचं, आणि माल हाताशी येतो जुलै-ऑगस्टमध्ये. आषाढ-श्रावणातल्या त्या काळ्याकुट्ट, पावसाळी रात्री म्हणजेच माझे राखणीचे दिवस. राखणदार मिळेना झाले. मिळाले तर फक्त हंगामापुरते येत नाहीत, वर्षाचं ठरवा म्हणतात. मुलगा पुण्याला नोकरीला. माझी पासष्टी जवळ आलेली, गुडघे कुरकुरतात, आणि पावसाळ्यात बांधावर घोणस कुठं वेटोळं घालून बसलेली असेल सांगता येत नाही. मंडळी रोज म्हणायची, "अवं, डाळिंब गेलं तर पुढच्या साली येईल. तुमाला काय झालं तर मी काय करू?" ह्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं.

कॅमेरा हा इलाज सगळ्यांनाच सुचतो. पण आमच्या रानात वीज आहे ती शेतीपंपाची. तिची पाळी असते, एक आठवडा दिवसा तर एक आठवडा रात्री, आणि पाळी संपली की तारेत काही नाही. वायफायचा प्रश्नच नाही. म्हणून कॅमेरा घ्यायचा तो सोलरवर चालणारा आणि आत सिमकार्ड असलेला. माझ्या मेव्हण्यानं माझ्या एक वर्ष आधी असा कॅमेरा बसवला होता. छोटं पॅनेल आणि आतच बॅटरी, असा तयार संच. दिवाळीपर्यंत छान चालला. पुढच्या पावसाळ्यात एका रात्री दोनच्या सुमाराला त्याच्या बागेतनं बारा कॅरेट माल गेला, आणि त्या वेळचं चित्रच नाही. एक वाजल्यापासून पुढं कोरं.

"दाजी, कॅमेरा हाय, पण चोर यायच्या आत त्यो झोपतोय," तो म्हणाला. मी त्याला म्हणलं, ह्याचं कारण कळल्याशिवाय मी एक रुपया घालणार नाही.

कारण शोधायला मी तालुक्याला मोटर रिवायंडिंग करणाऱ्या एका पोराकडं बसलो. हुशार पोरगा. त्यानं मला दोन गोष्टी नीट समजावल्या आणि सगळं त्या दोनातच आहे.

पहिली गोष्ट अशी की सोलर कॅमेरे दोन जातींचे असतात. एक झोपाळू. तो दिवसरात्र डोळे मिटून असतो, समोर अंगात ऊब असलेलं काही हललं की जागा होतो, दहा-वीस सेकंदांचं चित्र घेतो आणि परत झोपतो. त्याला वीज अगदी थोडी लागते, छोटं पॅनेल पुरतं. पण त्याला आठ-दहा मीटरच्या पलीकडचं कळत नाही, आणि जागा व्हायला एक-दोन सेकंद जातात. विहिरीवरचा स्टार्टर किंवा शेडचं दार राखायला तो चांगला. दुसरी जात जागी. तो सतत बघतो, सतत मेमरी कार्डावर लिहितो आणि सतत टॉवरला चिकटलेला असतो. बागेचा लांबचा बांध राखायचा तर हाच लागतो. मेव्हण्याचा कॅमेरा झोपाळू जातीचा होता, आणि बसवायला आलेल्या माणसानं "चोवीस तास दिसलं पाहिजे" म्हणून त्याला सेटिंगमध्ये कायमचा जागा ठेवला होता. उन्हाळ्यात पॅनेल ती भूक कशीबशी भागवत होतं. पावसाळ्यात भागेना.

दुसरी गोष्ट हिशेबाची. वॅट म्हणजे पाण्याची धार किती मोठी, आणि वॅट-तास म्हणजे एकूण पाणी किती. वीजबिलावरचं एक युनिट म्हणजे हजार वॅट-तास. बॅटरी म्हणजे हौद, पॅनेल म्हणजे झरा, कॅमेरा म्हणजे पाट. शेतकऱ्याला ह्यापेक्षा जास्त शिकायची गरज नाही. फक्त बॅटरीवरचा आकडा वाचताना सावध राहावं लागतं. मेव्हण्याच्या संचावर १२,००० एमएएच असं मोठ्या अक्षरात होतं. पण तो आकडा हौदाची पूर्ण मापं सांगत नाही, त्याला व्होल्टनं गुणावं लागतं. आतले सेल ३.७ व्होल्टचे. बारा हजार म्हणजे १२ अँपिअर-तास, गुणिले ३.७, म्हणजे ४४ वॅट-तास. तोच १२ अँपिअर-तासाचा आकडा फवारणी पंपाच्या १२ व्होल्ट बॅटरीवर असला तर तिथं १४४ वॅट-तास होतात. आकडा एकच, हौद तिपटीनं लहान.

आता मेव्हण्याची रात्र बघा. रात्री कॅमेऱ्याचे अंधारातले दिवे लागतात, तेव्हा जागा कॅमेरा साधारण ७ वॅट खातो. ४४ भागिले ७ केलं तर सहा तास आणि वर थोडं. संध्याकाळी पावणेसातला अंधारलं की मोजायला लागा, एकच्या सुमाराला हौद कोरडा. चोरांनी वेळ साधली असं गाव म्हणत होतं. चोरांना काही माहीत नव्हतं. हिशेबच तसा होता.

मग मी माझा हिशेब मांडला. आधी फक्त कॅमेरा घेतला, १२ व्होल्टवर थेट चालणारा. घरच्या ओट्यावर ट्रॅक्टरच्या बॅटरीला जोडला, मध्ये त्या पोराकडचा छोटा डीसी वॅटमीटर लावला आणि एक दिवस-रात्र तसाच चालू ठेवला. दिवसा ४ वॅटच्या आसपास, रात्री ७. बारा तास चार म्हणजे ४८, बारा तास सात म्हणजे ८४, मिळून १३२ वॅट-तास. मीटरनंही १३१ दाखवले. पेटीवर छापलेल्या आकड्यावर विसंबण्यापेक्षा हे बरं, कारण रेंज कमी असली की कॅमेऱ्यातला मोबाइल टॉवरला जोरानं हाका मारतो आणि जास्त वीज खातो. आपल्या जागेवरचा आकडा आपणच मोजावा.

हौद किती मोठा हवा? आमच्याकडं पावसाळ्यात सलग तीन दिवस सूर्य दिसत नाही हे नेहमीचं. तीन दिवस काहीच आवक नाही असं धरलं तर १३२ त्रिक ३९६. बॅटरी अगदी तळापर्यंत उपसायची नसते, पाचवा हिस्सा खाली ठेवावा. म्हणून ४० अँपिअर-तासाची १२.८ व्होल्टची लिथियम फॉस्फेट बॅटरी घेतली. ती होते ५१२ वॅट-तासाची. पाचवा हिस्सा सोडला तर ४१० वापरायला. ट्रॅक्टरसारखी शिसे-आम्लाची बॅटरी घेतली असती तर निम्मीच उपसता येते, म्हणजे तेवढ्याच कामाला जवळपास ७० अँपिअर-तासाची लागली असती.

झरा किती मोठा हवा? इथं बरेच लोक चैत्रातलं ऊन डोळ्यांपुढं ठेवतात. आमचं राखणीचं ऊन आषाढातलं. उन्हाळ्यात दिवसाला पाच-सहा तासांचं भरघोस ऊन मिळतं असं धरतात. पावसाळ्यातल्या बऱ्या दिवसाचं मी तीन तास धरलं, आणि अगदी झाकोळलेल्या दिवसाचं दीड. शिवाय पॅनेलवर लिहिलेले वॅट पुरे कधी मिळत नाहीत. उष्णता, धूळ, वायर, कंट्रोलर ह्यांच्यात तीस टक्के जातात. ६० वॅटचं पॅनेल घेतलं तर ६० गुणिले ३ गुणिले ०.७, म्हणजे १२६. रोजच्या खर्चालाही थोडं कमीच. १०० वॅटचं घेतलं तर २१०. म्हणजे बऱ्या दिवशी रोजचा खर्च भागून ७८ शिल्लक पडतात, आणि ढगाळ दिवसांत उपसलेला हौद त्या शिलकीवर परत भरतो. ही शिल्लक महत्त्वाची. नुसत्या रोजच्या खर्चाएवढा झरा असला तर एकदा रिकामा झालेला हौद पाऊस सरेपर्यंत रिकामाच राहतो. म्हणून १०० वॅट घेतलं.

बाग राखायला कॅमेऱ्यापेक्षा बॅटरी महाग पडते, हे दुकानात ऐकायला मिळत नाही. माझे सगळे मिळून सतरा हजारांच्या आसपास गेले, त्यात कॅमेरा साडेचार हजारांचा.

पॅनेल दक्षिणेकडं तोंड करून, साधारण सतरा-अठरा अंश उतार देऊन बसवलं. आपल्या गावाचा अक्षांश जेवढा तेवढा उतार, एवढं धरलं तरी चालतं. अगदी आडवं ठेवू नये, उतार असला की पाऊसच पॅनेल धुतो. दक्षिणेच्या बांधावर माझा कडुनिंब आहे. आषाढात सूर्य डोक्यावर असतो तेव्हा त्याची सावली खोडापाशीच, पण पौषात सूर्य दक्षिणेला कलतो आणि वीस फुटी झाडाची सावली भर दुपारी सतरा फूट लांब पडते. म्हणून खांब झाडापासून चांगला चाळीस फूट दूर घेतला. पॅनेलच्या एका कोपऱ्यावर सावली पडली तरी नुकसान कोपऱ्यापुरतं राहत नाही. आतल्या चकत्या माळेसारख्या एकामागं एक जोडलेल्या असतात. पाटात एका जागी दगड पडला की पुढचं सगळं पाणी कमी, तसं. बॅटरीची पेटी पॅनेलच्या मागच्या सावलीत, वारा खेळेल अशी. आमचा उन्हाळा बॅटरीला सोसत नाही.

विजेचा हिशेब असा बसला. राहिला डेटाचा. तो वेगळा हौद आहे, आणि तो रोज रात्री बारा वाजता आपोआप भरतो.

माझ्या सिमवर दिवसाला दीड जीबी आहे. तेवढं संपलं की नेट बंद होत नाही, पण वेग ६४ केबीपीएसवर येतो, आणि त्या वेगावर चित्र हलत नाही. चांगल्या प्रतीचं चित्र सेकंदाला दोन मेगाबिट घेतं. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून मिनिटाला १५ एमबी. शंभर मिनिटं बघितलं की दीड जीबी खलास. कॅमेऱ्यानं चोवीस तासांचं चित्र नेटवर पाठवायचं ठरवलं तर निम्म्या प्रतीनंही दिवसाला जवळजवळ अकरा जीबी लागतील. ते शक्य नाही आणि गरजही नाही. म्हणून सगळं चित्र निम्म्या प्रतीनं कॅमेऱ्यातल्याच कार्डावर साठवायचं. १२८ जीबीच्या कार्डावर अकराएक दिवस मावतात, मग जुन्यावर नवं लिहिलं जातं. नेटवरून पाठवायची ती फक्त माणूस दिसला की पंधरा सेकंदांची चित्रफीत. ती दोनेक एमबीची. रात्रीत तीस आल्या तरी ६० एमबी. आणि मी थेट बघतो ते हलक्या प्रतीनं, मिनिटाला चार एमबीपेक्षा कमी. दिवसात वीस मिनिटं बघितलं तर ७५. सगळं मिळून दीडशे एमबीच्या आत राहतं.

तरी एका संध्याकाळी डेटा संपला. पुण्यात नातवाला आजोबांच्या बागेतले मोर आवडले. त्यानं टीव्हीवर चांगल्या प्रतीचं चित्र लावलं आणि घरातले सगळे दीड तास मोर बघत बसले. बघणारा पुण्यात असला तरी पाठवणारा कॅमेरा माझ्या रानात, आणि त्याच्याच सिमचा डेटा गेला. आठला चित्र गोठलं ते बाराच्या ठोक्याला परत हललं. मुलाला एवढंच सांगितलं, मोर बघा, पण हलक्या प्रतीनं.

रेंज बघायची ती खांब रोवायच्या आधी, त्याच कंपनीचं सिम मोबाइलमध्ये घालून, त्याच जागी उभं राहून, आणि रात्री आठ वाजता, जेव्हा सगळं गाव मोबाइलवर असतं. वेग मोजताना लोक डाउनलोड बघतात. कॅमेऱ्याचं काम अपलोडवर चालतं. तो आकडा निदान दीड-दोन एमबीपीएस हवा. माझ्या पहिल्या जागी अपलोड पाऊणही नव्हता. तिथनं पन्नास पावलं चढाला सरकलो, तीन आला. खांब तिथं रोवला.

बसवल्यावरचं पहिलं श्रावण कसोटीचं गेलं. सहा दिवस सूर्य नाही. मी रोज सकाळी कंट्रोलरवरची आवक वहीत लिहीत होतो : १००, ८०, ६०, ९०, ७०, ११०. बेरीज ५१०. सहा दिवसांचा खर्च ७९२. तूट २८२. हौदात ५१२ होते, म्हणजे २३० उरले. पाचव्या रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी उशाचा मोबाइल वाजला. उठून बघितलं तर वरच्या बांधावर दोन माणसं, डोक्यावर पोती पांघरलेली, खाली रिकामी कॅरेट. मोबाइलवरनं कॅमेऱ्याचा भोंगा लावला आणि आतनंच ओरडलो, "कोण हाय रं तिकडं? थांबा, आलोच!" अंधारात आकाशवाणी झाल्यासारखी ती दोघं पळाली. शेजारच्या वस्तीवर फोन केला, तिथली पोरं बॅटऱ्या घेऊन बांधापर्यंत जाऊन आली. कॅरेट आमच्याकडंच राहिली. मंडळी अंथरुणात उठून बसली होती. म्हणाली, "जाताय का?" मी म्हणलं, "न्हाई. उजाडल्यावर." त्या रात्री ती परत झोपली. गेल्या दहा वर्षांत राखणीच्या दिवसात ती अशी झोपल्याचं मला आठवत नाही.

माणसं मात्र ओळखू आली नाहीत. अंधारातल्या दिव्यांचा उजेड पंचवीस-तीस मीटरपर्यंत पोचतो, पण तेवढ्या अंतरावर माणूस आहे एवढंच कळतं, चेहरा नाही. गाडीचा नंबर तर दिव्याच्या उजेडात नुसता पांढरा फटक दिसतो. कॅमेरा चोर धरून देईल ह्या आशेवर घेऊ नये. तो आपल्याला वेळेवर उठवतो, तेवढ्यासाठी घ्यावा.

बागेत दोन शत्रू आणखी आहेत. एक बोर्डो मिश्रण. मोरचूद-चुन्याची फवारणी झाली की पॅनेलवर आणि भिंगावर पांढरट थर बसतो. पाऊस तो पुरा धूत नाही. फवारणीच्या आधी दोन्हीवर गोणपाट टाकायचं आणि नंतर ओल्या मऊ फडक्यानं पुसायचं, सकाळी पॅनेल गार असताना. दुसरा शत्रू कोळी. रात्रीच्या दिव्यांपाशी किडे येतात, किड्यांमागं कोळी येतो आणि भिंगासमोर जाळं विणतो. वाऱ्यावर हललेलं जाळं कॅमेऱ्याला काहीतरी आल्यासारखं वाटतं. एका रात्रीत शंभर-दीडशे इशारे आले आणि कुणीच दिसत नाही, तर समजायचं जाळं आहे. खराटा घेऊन जायचं.

मेव्हण्यानं यंदा तोच संच विहिरीवर नेला, झोपाळू सेटिंग परत लावून, आणि तिथं तो बिनघोर चालतोय. बागेला त्यानं माझ्यासारखा मोठा हौद केला. त्याच्या पेटीच्या झाकणावर मी आतल्या बाजूनं रंगानं तीन ओळी लिहून दिल्या आहेत, कारण बंद पडलेला कॅमेरा परत कधी चालू होतो त्यावरनं दुखणं कळतं :

बाराच्या ठोक्याला सुधारला, तर डेटा संपला होता.

ऊन चढल्यावर सुधारला, तर बॅटरी संपली होती.

कधीही जातो, कधीही येतो, तर रेंज बघ.